अर्धं पेर पाणी

लग्नानंतर पहिल्यांदा पुण्यातल्या घरात साबुदाण्याची खिचडी केली ती संकष्टीला, आणि ती खिचडी नव्हतीच, खळ होती. म्हणजे सुती साडीला घालतात ना, तशी. कढईत कलथा उभा केला तर उभा राहत होता. नवरा बिचारा काही बोलला नाही, नुसतं "हे वाटीत घेऊ का ताटलीत?" एवढंच विचारलं, आणि मला कळलं की आपला उपास आता खराखुरा होणार.

रागाने आईला फोन लावला. म्हटलं, तू सांगितलंस तसंच केलं, साबुदाणा तीनदा धुतला, बुडेल इतकं पाणी घातलं आणि वर बोटाचं अर्धं पेर ठेवलं. आई म्हणाली, "अगं मग बरोबर आहे की, आमच्याकडे वर्षानुवर्षं अर्धं पेरच घालतात. तुझा साबुदाणाच खराब निघाला असेल." पुढे कितीतरी महिने मी साबुदाण्याला दोष देत राहिले, दुकान बदललं, पुडा बदलला, महागातला आणला, आणि खिचडी कधी खळ तर कधी (पुढच्या वेळी घाबरून पाणी कमी घातलं की) नुसते खडे. खडे म्हणजे बाहेरून मऊ लागतो आणि आत दाताखाली कणी येते, कच्च्या पिठासारखी. ही कणी कढईत कितीही वाफ काढली तरी जात नाही, हे मला फार उशिरा कळलं.

ती का जात नाही हे समजायला साबुदाणा म्हणजे नक्की काय हे बघावं लागतं. आपण लहानपणी समजत होतो की हे कुठल्यातरी झाडाचे दाणे असतात. तसं नाही. दक्षिण-पूर्व आशियात ताडासारख्या एका झाडाच्या खोडातल्या गरापासून करतात तो मूळचा, पण आपल्याकडे मिळतो तो कसावा नावाच्या कंदाचा, आणि त्याचे कारखाने मुख्यतः तामिळनाडूत, सेलमच्या आसपास. तिकडे त्याला जव्वरिसी म्हणतात, म्हणजे जावाचा तांदूळ. (कसावा हा कंदसुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. इतक्या लांबून आलेली वस्तू आपण एकादशीला चालवतो आणि घरची ज्वारी चालत नाही, हा वेगळाच विषय आहे, तो जाऊ दे.) तर कंद किसून, धुवून त्याचं सत्त्व खाली बसवतात, ते ओलं पीठ हलवून हलवून त्याच्या गोळ्या करतात, चाळतात, आणि मग गरम तव्यावर भाजतात. या भाजण्यात गोळीची फक्त बाहेरची साल अर्धवट शिजते आणि चिकटून पक्की होते, आत मात्र पीठ कच्चंच राहतं. म्हणजे एक साबुदाणा म्हणजे पातळ शिजलेल्या सालीत बांधलेली कच्च्या पिठाची पुरचुंडी.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. भिजवताना पाणी सालीतून हळूहळू आत जातं आणि मधल्या पिठापर्यंत पोचतं. पीठ शिजायला उष्णता लागते तसं पाणीही लागतं, आणि ते पाणी आधीच आत गेलेलं असावं लागतं, कारण खिचडी आपण परततो, उकळत नाही. आत कोरडं राहिलं तर कढईत त्या पिठाला पाणी मिळतच नाही, मग ते कच्चंच राहतं, तीच कणी. आणि उलट पाणी जास्त झालं, दाणा रात्रभर पाण्यात तरंगत राहिला, की ती साल सैल पडते, पुरचुंडी सुटते, आतलं पीठ बाहेर येतं आणि गरम कढईत त्या पिठाची खळ होऊन सगळे दाणे एकमेकांना धरून बसतात. खळ आणि खडे हे दोन्ही पाण्याचेच प्रताप. दाणा तोच.

(जो साबुदाणा भाजण्याऐवजी वाफवून करतात तो नायलॉन साबुदाणा, काचेसारखा दिसतो. तो तळून चिवड्याला घ्यावा. खिचडीसाठी भिजवला तर पाणी कितीही मोजा, चिकट होणार. माझे दोन पुडे त्यातच गेले.)

आता पाण्याचं. सगळीकडे शोधलं तर कुणी म्हणतं एक वाटीला पाऊण वाटी, कुणी अर्धी, कुणी बरोबरीनं, कुणी म्हणतं पाणी अजिबात घालू नका. आणि गंमत म्हणजे प्रत्येकजण शपथेवर सांगतं. माझ्या सासूबाई त्या शेवटच्या पंथातल्या. त्या साबुदाणा धुतात, शेवटचं पाणी तसंच ठेवून देवपूजा करतात, पूजा झाली की पातेलं तिरकं करून सगळं पाणी ओतून देतात, झाकण ठेवतात आणि विसरून जातात. सकाळी साबुदाणा मोत्यासारखा. "अहो आई, पण पाणी किती?" विचारलं तर म्हणायच्या, "पाणी कुठे घालते मी? नुसता धुते." मला वाटायचं हाताला गुण आहे. हाताला नव्हता, पूजेला होता, कारण त्यांची पूजा पंधरा-वीस मिनिटं चालते आणि तेवढ्या वेळात दाण्याला हवं तेवढं पाणी त्याने पिऊन घेतलेलं असतं. त्या एकदा गावाला गेल्या आणि सासऱ्यांनी पूजा पाच मिनिटांत उरकली, त्या दिवशी खडे झाले. हे मी सासऱ्यांच्या तोंडावर अजून बोललेले नाही.

शेवटी एका रविवारी वैतागून मोजायलाच बसले. घरात केक करायला आणलेला छोटा वजनकाटा होता, आणि आमची रोजची स्टीलची वाटी, तिच्यात पाणी भरून वजन केलं तर बरोबर १५० ग्रॅम, म्हणजे १५० मिली. त्या वाटीने सपाट भरून मोठा साबुदाणा घेतला, १०८ ग्रॅम भरला. तीनदा धुतला, चाळणीत दोन मिनिटं निथळला आणि परत वजन केलं, तर जवळजवळ १५० ग्रॅम. म्हणजे मी अजून "पाणी घातलं" नव्हतं तरी नुसत्या धुण्यात चाळीसेक मिली पाणी दाण्यांनी धरून ठेवलं होतं, म्हणजे पाव वाटीच्या थोडं वर. इथेच माझा निम्मा गोंधळ सुटला. जो माणूस म्हणतो निथळून अर्धी वाटी पाणी घाला, आणि जो म्हणतो एकूण पाऊण वाटी लागतं, ते दोघे एकच गोष्ट सांगतायत. एकाने धुण्यातलं पाव वाटी मोजलं नाही, एवढंच. आणि जी बाई न निथळता, तळाशी पाणी राहिलेलं असताना वर पाऊण वाटी घालते तिची खिचडी गिच्च होते, मग ती म्हणते पाऊण वाटी चूक आहे.

तर मी निथळलेल्या साबुदाण्यावर अर्धी वाटी पाणी घातलं, झाकून ठेवलं, तासाभराने एकदा हलक्या हाताने वरखाली केलं, कारण तळाचे दाणे पाण्यात बसतात आणि वरचे कोरडे राहतात, आणि पाच तासांनी बघितलं. पाणी सगळं मुरलेलं, दाणे सुटे. वाटीने मोजला तर सव्वादोन वाट्या भरला. परत केला, तेवढाच. मधूनच अर्धी वाटी जास्त घालून बघितलं, तर दाणे अजून फुगले वगैरे काही नाही, तळाशी पांढरं दुधासारखं पाणी साचलं आणि बोटाला पीठ लागायला लागलं. म्हणजे गार पाण्यात दाणा फुगायलाही एक मर्यादा आहे, त्यानंतर तो फुगत नाही, सुटतो.

सव्वादोन पट. "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणतात ते या अर्थाने अगदी हिशोबात बसतं, वर पाव वाटी दाण्याच्या कुटाला. पण गंमत बघा, एक दाणा हातात घेऊन बघितला तर तो दुप्पट झालेला वाटतच नाही. कोरडा आणि भिजलेला शेजारी ठेवले तर भिजलेला फार तर एक तृतीयांशाने मोठा दिसतो. याचं कारण म्हणजे तो तिन्ही बाजूंनी वाढतो, लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी १.३ पट झाली की आकारमान १.३ गुणिले १.३ गुणिले १.३, म्हणजे २.२ होतं. म्हणून दाणा बघून "अजून फुगला नाही" असं वाटून वर पाणी घालायचा मोह होतो, तो आवरायचा आणि बघायचं भांड्याकडे. भांडं दुपटीला आलं असेल तर झालं काम. आणि म्हणून भांडं पहिल्यापासून मोठं घ्यायचं, मी एकदा डब्यात काठोकाठ भिजवला आणि सकाळी झाकण बाजूला पडलेलं होतं.

हे सगळं जमलं, खिचडी मोकळी व्हायला लागली, पण डोक्यात एक गोष्ट राहिलीच होती. आईचं अर्धं पेर. माझ्या लहानपणी साताऱ्याच्या घरी हीच खिचडी अर्ध्या पेराने व्हायची आणि अप्रतिम व्हायची, आषाढीला तर पंधरा माणसं, आजी स्वतः भिजवायची, बोट उभं बुडवायची, दाण्याला टेकवायची, पाणी नखाच्या मुळापर्यंत आलं की बास. ते अर्धं पेर चूक असणं शक्यच नव्हतं. मग माझ्याकडे का चुकलं?

एका दुपारी कागद घेऊन बसले. आजी भिजवायची एक किलो साबुदाणा. माझ्या वाटीने तो सव्वानऊ वाट्या होतो. त्याला पाऊणच्या हिशोबाने पाणी लागतं सात वाट्या. आता दाणे गोल असल्यामुळे त्यांच्या मध्ये फटी असतात, भांड्यात दिसायला एक वाटी साबुदाणा असला तरी त्यातला साधारण चाळीस टक्के भाग नुसती मोकळी जागा असते (हे मोजायला सोपं आहे, वाटीभर साबुदाण्यात तेल ओतत जा, काठाला येईपर्यंत किती मावलं बघा, पाणी नको कारण ते लगेच आत शिरायला लागतं). म्हणजे "बुडेल इतकं" पाणी घातलं की पावणेचार वाट्या पाणी तर फटींमध्येच गेलं. राहिलं सव्वातीन वाट्या, ते दाण्यांच्या वर उभं राहणार. आजीचं पातेलं तोंडाशी एक वीत रुंद होतं, मला चांगलं आठवतंय, कारण आम्ही पोरं त्यावर वीत ठेवून बघायचो. एका वितेच्या गोल पातेल्यात सव्वातीन वाट्या पाणी पसरलं तर उंची येते जेमतेम सव्वा सेंटिमीटर. माझं बोटाचं पहिलं पेर अडीच सेंटिमीटर आहे. त्याचं अर्धं, सव्वा.

मी खरंच दोन मिनिटं गप्प बसले. आजी चौथी शिकलेली.

आता माझं बघा. माझ्याकडे माणसं दोन, साबुदाणा एक वाटी, आणि भिजवला कशात, तर लग्नात आलेल्या नव्या लंगडीत, चांगली वीस सेंटिमीटर रुंद, पसरट. तिच्यात एक वाटी साबुदाणा म्हणजे तळाला नुसता थर, अर्धा सेंटिमीटर. त्याच्यावर अर्धं पेर पाणी म्हणजे अडीच वाट्या, शिवाय फटींमधलं वेगळं, एकूण जवळजवळ तीन वाट्या. जिथे पाऊण वाटी हवी तिथे तीन! मी आईचं तंतोतंत ऐकलं होतं आणि चौपट पाणी घातलं होतं. त्या लंगडीत बरोबर पाणी घालायचं तर दाण्याच्या वर दीड-दोन मिलिमीटर यायला हवं होतं, म्हणजे नाण्याची जाडीच धरा, ते बोटाने कोण मोजणार. बोटाचं माप हे उंचीचं माप आहे, आणि साबुदाणा उंची पीत नाही. किलोभर साबुदाणा, वीतभर पातेलं आणि आजीचं बोट, तिघं मिळून ते माप होतं. त्यातलं बोट तेवढं आमच्याकडे वारशाने आलं.

तेव्हापासून माझं ठरलंय. वाटी कुठलीही घ्या पण साबुदाण्याला आणि पाण्याला तीच. धुवून पूर्ण निथळा, चाळणी उचलून आपटून, आणि वर अर्धी वाटी पाणी. बारीक साबुदाणा असेल तर थोडं कमी आणि दोन तासांत होतो, मोठा असेल तर पाच-सहा तास किंवा रात्रभर. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आंबूस वास येतो, तेव्हा मी पहाटे उठून भिजवते किंवा तीन-चार तासांनी फ्रीजमध्ये टाकते. झाला का हे बघायला तळातला एक आणि वरचा एक दाणा घेऊन अंगठा-बोटात दाबायचा, पेढा चिरडल्यासारखा पसरला पाहिजे, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी कणी लागली तर पाण्याचा एक हबका मारून, हलवून, अर्धा तास झाकून ठेवायचा. एकदम वाटीभर पाणी ओतायचं नाही. आणि दाबल्यावर बोटाला चिकटून लोंबायला लागला तर पंच्यावर पसरायचा तासभर, मग भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट जरा सढळ हाताने चोळायचं, कूट वरचं ओलं पीठ धरून ठेवतं. तरीही नाहीच सुधारला तर खिचडीचा हट्ट सोडून बटाटा कुस्करून घालायचा आणि थालीपीठ लावायचं. मी खळवाल्या दिवसांत इतकी थालीपिठं लावलीत की नवऱ्याला वाटायचं आमच्याकडे संकष्टीला थालीपीठच असतं.

वड्यांसाठी मात्र मी अर्धी वाटीतलंही दोन चमचे कमी घालते, बटाट्याचा ओलावा असतो म्हणून. पण कणी राहू द्यायची नाही, वड्यात कच्चा दाणा राहिला तर तेलात फुटतो आणि तेल अंगावर येतं, हातावरचा डाग अजून आहे. खिरीला काहीच मोजायचं नाही. तिथे दूध भरपूर असतं, दाणा उकळत्या दुधात हवं तेवढं पितो, साल सुटली तर खीर उलट दाटच होते. म्हणूनच खीर सगळ्यांना जमते.

तर हा सगळा हिशोब मांडून झाल्यावर मी विसरूनही गेले असते, पण मागच्या वर्षी कार्तिकीला आईचा फोन आला. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, काका-काकू वेगळे झाले, भाऊ बंगळुरूला, साताऱ्याच्या त्या घरात आता आई-बाबा दोघंच. म्हणाली, "हल्ली साबुदाणाच चांगला येत नाही गं. नुसता गिच्च होतो. पूर्वीसारखा राहिलाच नाही. तुझे बाबा म्हणतात दुकान बदल."

मी विचारलं, किती भिजवतेस? म्हणाली, दोघांना कितीसा लागतो, वाटीभर. कशात? त्याच पातेल्यात, आजीच्या. पाणी?

"अर्धं पेर. नेहमीसारखं."

मी तिला कागद, फटी, चाळीस टक्के असलं काही सांगितलं नाही. म्हटलं आई, वाटीने मोजून घाल. ती म्हणाली मला वाटीने जमत नाही, मला बोटानेच कळतं. मग म्हटलं बरं, ते पातेलं नको घेऊस, साखरेचा उभा स्टीलचा डबा आहे ना, तो घे, रिकामा कर, त्यात भिजव. तो नऊ सेंटिमीटर रुंद असेल, मी मनात हिशोब केला, फटींतलं पाणी आणि वर अर्धं पेर मिळून वाटीला वाटीच्या किंचित कमी येतं, थोडा मऊ होईल पण मोकळा राहील.

"डब्यात? साबुदाणा?" आई म्हणाली. "आणि साखर कुठे ओतू?"

पुढे घरी गेले तेव्हा द्वादशीची कुठलीतरी उरलेली गडबड होती, आणि ओट्यावर साखर एका वीतभर तोंडाच्या पितळी पातेल्यात ओतून ठेवलेली होती, मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली ताटात पाणी घालून. शेजारी तो उभा डबा धुवून उपडा घातला होता. बाबा म्हणाले, साबुदाणा आता बरा येतो, तुझ्या आईने दुकान बदललं वाटतं.